गरोदर बाईनं दवाखान्यात कधी निघायचं? टोळी निघण्याआधीच्या बैठकीत विचारलेले प्रश्न

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्यांच्यात दरवर्षी काही गरोदर बायाही असतात. त्या पाच-सहा महिने माझ्या नजरेआड जातात. म्हणून टोळ्या निघण्याआधी मी अंगणवाडीत या बायांना, त्यांच्या सासवांना आणि जावांना बसवून बोलते. तिथं विचारले गेलेले प्रश्न वहीत लिहून ठेवत गेले, ते इथं मांडले आहेत. सगळ्यात जास्त बोलणं बीपीवर आहे. रक्त गेलं तर घरचे घाबरून लगेच उठतात. बीपी मात्र उन्हाच्या, कामाच्या, पित्ताच्या नावाखाली दडून बसतं.

ताई, दिवसभर उन्हात राबल्यावर डोकं सगळ्यांचंच दुखतं. त्यातलं धोक्याचं कोणतं?

थकव्याचं डोकं सावलीत पडलं, पोटात काही गेलं, झोप झाली की उतरतं. बीपीचं डोकं रात्री दुखत असतं आणि सकाळी उठल्यावरही तसंच ठणकत असतं. कपाळाला फडकं घट्ट बांधलं, बाम चोळला, तरी फरक पडत नाही. पाचवा महिना संपल्यानंतर असं डोकं दुखायला लागलं तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्यायचं. उद्यावर टाकायचं नाही.

त्याच्या जोडीनं आणखी दोन गोष्टी विचारा. डोळ्यांपुढं काजवे चमकतात का, किंवा धुरकट दिसतं का? आणि छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधोमध किंवा उजव्या बाजूला दुखतं का? या दुसऱ्या दुखण्याला बाया हमखास पित्त समजतात आणि सोडा पिऊन झोपतात. ते दुखणं काळजावर, म्हणजे यकृतावर ताण आल्याचं असू शकतं. डोकेदुखीसोबत यातलं एक जरी असलं, तरी बीपीचं मशीन शोधत बसू नका, थेट दवाखान्याकडे निघा.

पण हे होतं कशामुळं? आमच्या आईच्या वेळी असलं काही ऐकलं नव्हतं.

आईच्या वेळीही होत होतं, तेव्हा त्याला बाहेरचं लागलं म्हणायचे.

बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयाला नीट रुजली नाही की तिच्यातून काही घटक आईच्या रक्तात उतरतात आणि आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाटाचं पाणी अरुंद चारीतून सोडलं की बांधावर जोर येतो आणि पाणी झिरपायला लागतं, तसंच. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं म्हणून सूज येते. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, ती लघवीच्या तपासणीत दिसतात. मेंदूवर ताण आला की डोकं दुखतं, डोळ्यांपुढं चमकतं आणि पुढं झटके येतात. पहिलटकरीण, जुळी असलेली बाई, आधीच्या खेपेला बीपी वाढलेली बाई आणि जिच्या आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला ती बाई, यांना धोका जास्त. अशा बाईनं तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना हे सांगावं, कारण काही जणींना तेव्हापासूनच रोजची एक छोटी गोळी सुरू करतात. सगळ्याच गरोदर बायांना मिळणारी कॅल्शियमची गोळी चौथ्या महिन्यापासून घेतली तर या आजाराचा धोका कमी होतो. फक्त ती आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

पाय सुजणं तर गरोदरपणात असतंच ना?

असतं. संध्याकाळी घोट्याला सूज येते आणि रात्री पाय वर ठेवून झोपलं की सकाळपर्यंत उतरते. त्याची भीती नाही.

सकाळी उठल्यावर तोंड भरल्यासारखं दिसलं, पापण्या जड झाल्या, बोटं टचटचीत झाली तर ती सूज वेगळी. मी बायांना बांगड्या फिरवून बघायला सांगते. काल मनगटावर सैल फिरणारी काचेची बांगडी आज मांसात रुतून बसली, जोडवी बोटातून निघेना, तर ते बीपी मोजायला यायला पुरेसं कारण आहे. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा आणि उचला. खड्डा तसाच राहिला तर आत पाणी साठलंय. पण उलटंही लक्षात ठेवा. काही बायांना सूज अजिबात येत नाही आणि तरीही बीपी खूप वाढलेलं असतं. सूज नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

बीपी किती आलं की घाबरायचं?

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी गाठला तरी ते वाढलेलं आहे आणि डॉक्टरांनी बघायलाच हवं. १६० किंवा ११० पर्यंत गेलं तर काही दुखत नसलं तरी त्याच घडीला दाखल व्हायचं.

मोजताना पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, पाठीला आधार, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर. लुगड्यावरून किंवा स्वेटरवरून पट्टा बांधू देऊ नका. आणि आकडा विचारून घ्या. “ठीक आहे” हे उत्तर नाही. आकडा कार्डावर लिहिलेला दिसला पाहिजे, कारण मागच्या महिन्यात ११० होतं आणि आज १३६ आहे हे कार्ड बघितल्याशिवाय कळत नाही. अजून १४० झालेलं नाही, तरी अशा बाईला मी आठवड्याच्या आतच परत बोलावते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर हमखास भेटतात. बीपीसोबत लघवी तपासायला सांगायला विसरू नका.

मीठ बंद केलं तर उतरेल का? सासूबाईंची बीपीची गोळी घरात आहे, ती चालेल का?

मीठ सोडल्यानं हा आजार थांबत नाही, जेवण मात्र तुटतं. जेवण नेहमीसारखं ठेवा.

सासूबाईंची गोळी अजिबात घेऊ नका. मोठ्या माणसांना देतात त्यातल्या काही बीपीच्या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. गरोदर बाईसाठी गोळ्या वेगळ्या असतात. दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीचंही तसंच आहे. तिनं डोकं तात्पुरतं शांत होतं, घरच्यांना वाटतं बरं वाटलं, आणि आत बीपी चढतच राहतं.

झटके आले तर काय करायचं?

गरोदर बाईला झटका आला तर ती मिरगी नसून बीपीचाच झटका आहे असं धरून चाला. आधी मिरगी होती का, याचा विचार डॉक्टर करतील.

तिला चुलीपासून, विळीपासून, काठापासून दूर करा आणि डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातला फेस बाहेर येईल आणि श्वास अडकणार नाही. दातात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात जी पाच मिनिटं जातात ती १०८ ला फोन करण्यात घालवा. झटका थांबला की ती झोपल्यासारखी होते आणि घरच्यांना वाटतं, उतरलं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, म्हणून गाडी परत पाठवू नका. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण लावताना ती गाडीत असली पाहिजे.

दवाखान्यात तिला मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. ते दुखतं, आग होते, अंग गरम झाल्यासारखं वाटतं. झटके रोखायला याच्याइतकं चांगलं औषध दुसरं नाही. म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी “पहिलं इंजेक्शन दिलं का?” हे विचारा आणि चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या.

तुम्ही स्वतः पाहिलेलं एखादं उदाहरण सांगा.

सांगते. गावातलीच पोरगी, पहिली खेप, आठवा महिना लागलेला. अशाच एका बैठकीत ती भिंतीला टेकून बसली होती आणि सारखी डोळे मिटत होती. विचारलं तर म्हणाली, “दोन दिवस झाले डोकं दुखतंय, उन्हानं असेल.” मी तिचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्या मनगटाला चिकटलेल्या, त्यांच्या कडेनं कातडीवर लाल वळ उठलेले. सासू म्हणाली, बाळसं धरलंय.

दुपारी अडीचच्या सुमाराला तिला उपकेंद्रात नेलं. बीपी १५४/१०४. सिस्टरनं पंधरा मिनिटं झोपवून परत मोजलं, १५६/१०२. लघवीत बुडवलेली पट्टी पिवळी राहायची ती हिरवी झाली. जेवण पचत नाही का म्हणून विचारलं तेव्हा कुठं ती म्हणाली, काल रात्रीपासून इथं जळजळतंय, आणि बरगडीखाली हात ठेवला. आकडा १६० च्या आत होता, पण डोकं आणि बरगडीखालचं दुखणं, ही दोन्ही लक्षणं होती. सिस्टरनं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी पहिलं इंजेक्शन देऊन थेट सिव्हिलला पाठवायला सांगितलं.

इथं अर्धा तास गेला. नवरा बाहेरगावी होता. सासू म्हणत होती, तो आल्यावर सकाळी नेऊ, पोरगी चालतीबोलती आहे. मी त्यांना म्हटलं, “मावशी, चालतीबोलती आहे म्हणूनच आत्ता न्यायची.” तो अर्धा तास मला आजही खुपतो, कारण नवऱ्याशी हे बोलणं मी सातव्या महिन्यातच करून ठेवायला हवं होतं.

सिव्हिलला पोचेपर्यंत बीपी १७० च्या वर गेलं होतं. झटका मात्र आला नाही. बीपी उतरवायची औषधं दिली, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून बारा-बारा तासांच्या अंतरानं चार इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या दिवशी सीझर केलं. बाळ एक किलो सातशे ग्रॅमचं होतं. अडीच आठवडे ते नवजात बाळांच्या कक्षात होतं, नंतर आईच्या छातीशी बांधून घरी आलं.

सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही म्हणतात. मग आठव्यात बाळ बाहेर कशाला काढायचं?

ही म्हण खोटी आहे, आणि तिच्यापायी घरचे सही करत नाहीत. पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ सशक्त. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच जास्त तयार असतं. या आजारावर शेवटचा उपाय एकच आहे, बाळ आणि वार बाहेर येणं. डॉक्टर रोज तोलत असतात, आत ठेवण्यात धोका जास्त की बाहेर काढण्यात. म्हणून अशी बाई जिथं नवजात बाळांचा कक्ष आहे त्याच दवाखान्यात न्यायची.

अंगावरून थोडंसं लाल गेलं तर लगेच जायचं का?

कोणत्याही महिन्यात गेलं तरी जायचं. पाळी चुकून दीड-दोन महिने झालेत, एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ येते, चक्कर येते, बाहेर मात्र लाल डागच आहे, तर आत नळीत गर्भ राहून रक्त पोटात साठत असू शकतं. बाहेर किती दिसतं यावरून आतलं मोजता येत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत काही न दुखता लाल रक्त गेलं तर वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असू शकते. पहिला रक्तस्राव आपोआप थांबतो आणि सगळे निश्चिंत होतात, दुसरा मोठा येतो. अशा बाईला आतून बोटानं कुणालाही तपासू द्यायचं नाही, सुईणीलाही नाही. आधी सोनोग्राफी. आणि पोट दगडासारखं घट्ट होऊन न थांबता दुखत असेल तर वार सुटलेली असू शकते. तेव्हा रक्त दिसो न दिसो, निघायचंच. भिजलेलं कापड फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना अंदाज येतो.

हिमोग्लोबिन कमी आहे एवढंच सांगतात. त्यानं काय बिघडतं?

सारखंच रक्त गेलं तरी १२ वाली बाई तगते, ६ वाली तगत नाही, एवढं बिघडतं. ७ च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं लोह किंवा रक्त घ्यावं लागतं. बसल्या जागी धाप लागत असेल तर आकड्याची वाट बघू नका. गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. फडावर सकाळी चहाच असतो, म्हणून रात्री जेवणानंतर लिंबू पिळून पाण्यासोबत घ्या. शी काळी होते, त्याला घाबरू नका.

बाळ फिरत नाही असं वाटलं तर?

काम करताना लक्ष जात नाही, त्यामुळं आधी थांबा. काहीतरी खा, डाव्या कुशीवर पडा आणि पोटावर हात ठेवून मोजा. दोन तासांत दहा वेळा हाललं नाही, किंवा रोजच्यापेक्षा एकदम मंदावलं असं तुम्हाला वाटलं, तर दवाखान्यात जा. शेवटच्या महिन्यात बाळाला जागा नसते म्हणून ते हलत नाही, असं म्हणतात. ते चूक आहे. लाथा कमी जोराच्या होतील, हालचाल कमी होत नाही.

पाणी गेलं पण कळा नाहीत, मग घरी थांबायचं का?

नाही. पाणमोट फुटल्यावर जंतू आत जायला वाट मोकळी होते. कळा असोत नसोत, निघा. पाणी हिरवट किंवा काळसर असेल तर बाळानं आत शी केलीय, तेव्हा जास्त घाई करा.

फडावर असताना काय करायचं? तिथं आमचा दवाखाना नसतो.

कोपी बांधून झाली की दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं दोन गोष्टी बघून याव्यात. जवळचं आरोग्य केंद्र कुठं आहे, आणि सीझर होतं असं सरकारी रुग्णालय कुठं आहे. तिथल्या आशाला भेटा आणि नाव सांगा. तुमचं नाव आमच्या गावच्या यादीत असलं तरी तपासणी तिथंही होते.

कार्ड ट्रंकेत तळाला ठेवू नका. आधार कार्ड, सोनोग्राफीचा कागद आणि ते, अशी तिन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोपीच्या आड्याला टांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी यांना पैसे पडत नाहीत. कर्नाटकात गेलात तरी हे लागू आहे आणि १०८ तिथंही चालतो. उसात गाडीवाल्याला जागा सापडत नाही, म्हणून फोन करताना कारखान्याचं नाव, गावाचं नाव आणि रस्त्यावरची एखादी ठळक खूण सांगा आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा.

मुकादमाशी नवऱ्यानं उचल घेतानाच बोलून ठेवावं, की ही पोटुशी आहे आणि डोकं धरलं तर त्या दिवशी कोयता बंद राहील. नंतर खाडा धरला जाईल या भीतीनं बाया दुखणं लपवतात. आठवा महिना लागला की शक्यतो परत या. येता येत नसेल तर मोळी डोक्यावर चढवायचं काम तरी सोडा.

बाळ झालं की सुटलो ना?

नाही, आणि हे मी सासवांना दोनदा सांगते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढच्या सहा आठवड्यांतही येतात. बाळंतिणीचं डोकं ठणकलं तर वारा लागला म्हणून कान बांधून ठेवू नका, बीपी मोजा.

रक्ताचं तर फार थोड्या वेळात हातातून जातं. घडी केलेलं कापड पाच मिनिटांच्या आत भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा अर्ध्या तासात वार पडली नसेल, तर बाईकडे दोन तासांपेक्षा जास्त वेळ नसतो. म्हणून घरी बाळंतपण नकोच. दवाखान्यात बाळ झाल्या झाल्या पिशवी आवळायचं इंजेक्शन देतात, ते घरी कोण देणार? आणि झाल्यावर दोन दिवस तिथंच थांबा, जनावरांचं बघायला शेजारणीला सांगून ठेवा. घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला किंवा अंगावरून वास येणारं जायला लागलं, तरी परत जायचं.

रात्री-बेरात्री तुम्हाला उठवलं तर चालेल का? नंतर काहीच निघालं नाही तर लोक हसतात.

कडी वाजवा. मागच्या वर्षी एकीला तीन वेळा नेलं आणि तीन वेळा काही निघालं नाही. चौथ्या वेळी तिनं फोन केला तेव्हाही मी चप्पल घालूनच बोलत होते. माझा नंबर कार्डाच्या मागं पेनानं लिहिलेला आहे. फोन लागला नाही तर माझी वाट बघू नका, १०८ लावा आणि निघा, मी मागून येते.